पंप खाली ठेवलेला माणूस

आमच्या भागात त्याला सगळे पंपदादा म्हणत. पाठीवर फवारणीचा पंप लावून तो बावीस वर्षं दुसऱ्यांच्या शेतात राबला, आणि हळूहळू त्याचं खरं नाव घरच्यांच्या तोंडूनही गेलं. वाऱ्याच्या नुसत्या झुळुकेवरून तो सांगायचा, "वरच्या अंगाला कुणीतरी मिरचीवर मारतंय," आणि ते खरं निघायचं. त्याच्या कामात हयगय नव्हती. पानाची वरची बाजू, खालची बाजू, शेंडा, बुंधा, सगळं ओलं. शेवटी उरलेलं औषध तो बांधावर मारून टाकायचा, बांधावरचं गवत तणनाशकाने जाळायचा. त्याने फवारलेल्या शेताचे बांध दाढी केलेल्या गालासारखे दिसत, गवताची काडी नाही. लोक हसून म्हणायचे, "पंपदादा आला की किडे पत्ता बदलतात."

एके दिवशी दुपारी, काकडीच्या शेतात, वारा पडलेला आणि ऊन माथ्यावर असताना त्याच्या पंपाचं नोझल तुंबलं. बावीस वर्षं जे केलं तेच त्याने केलं. नोझल काढलं, ओठांना लावलं आणि फुंकर मारून कचरा उडवला. मग अर्धा वाफा पुरा केला. तेवढ्यात तोंडात लाळ दाटून आली, थुंकली तरी थांबेना. अंगाला घामाची धार लागली. समोरच्या काकडीच्या वेली अंधुक झाल्या, जणू कुणी डोळ्यांवर ओला कपडा धरला. शेतमालकाने त्याला उचलून गाडीत घातलं तेव्हा छाती घरघरत होती.

दवाखान्यात डॉक्टरांनी डोळ्यांत बॅटरी मारली. बुबुळातली काळी टिकली टाचणीच्या टोकाएवढी झाली होती. त्याची बायको बाहेरच्या बाकावर त्याची चप्पल मांडीवर घेऊन बसली होती. चप्पल हातात कशी आली हे तिला नंतरही सांगता आलं नाही. चौथ्या दिवशी तो उठून बसला, तेव्हा डॉक्टर म्हणाले, "वाचलात. पण शरीराला सावरायला महिने लागतील. पुन्हा या औषधांच्या जवळ गेलात तर मी काही सांगू शकत नाही."

घरी आला तो वेगळाच माणूस. शेजारच्या शेतात पंपाचा दांडा खालीवर होण्याचा आवाज आला की त्याची जीभ जड व्हायची. खिडक्या लावून घ्यायचा. बायकोने एकदा साबणाच्या पाण्याने फरशी पुसली तर त्या वासाने तो अंगणात पळाला.

पोटापाण्यासाठी बायकोच्या माहेराकडून आलेली दोन एकर जमीन होती. आजवर तिथे बायकोच बघायची, फवारणीपुरता तो जायचा. आता तो रोज जाऊ लागला, आणि तिथे त्याला दुसऱ्या भीतीने गाठलं. पानावर किडा दिसला की त्याचा हात आपोआप खांद्याकडे, पंपाच्या पट्ट्याकडे जायचा. पट्टा नसायचा. मग तो किड्याकडे नुसता बघत राहायचा. घरात साप दिसावा आणि काठी हाताशी नसावी, तसं त्याला व्हायचं.

बायकोनेच एक दिवस कृषी खात्याच्या बाईंना बोलावून आणलं. जुनी स्कूटर, गळ्यात दोऱ्याला बांधलेलं भिंग, आणि बोलणं भरभर. आमच्याकडे त्यांना किडेवाल्या मॅडम म्हणत. मॅडमनी शेताला एक चक्कर मारली आणि बांधावर उकिडवं बसून विचारलं, "इथे काय राहतं?"

"काहीच नाही," पंपदादा जरा अभिमानानेच म्हणाला. "मी राहू दिलं नाही."

"तेच तर. पानांचा रस पिणारा हा बारीक मावा, त्याला खाणारे किडे जगात खूप आहेत. पण त्यांनी राहायचं कुठे? कोबी काढला की तुमचं शेत रिकामं, बांध उघडा. मावा उडत येतो, आठ दिवसांत पोरंबाळं, नातवंडं करतो. त्याला खाणारा येईपर्यंत तुमचं पीक गेलेलं असतं. त्यांना आधीपासून शेजारी आणून ठेवायला हवं."

मॅडमनी सांगितलं ते तसं साधं होतं. कोबीची रोपं लावायच्या महिनाभर आधी शेताच्या दोन बाजूंना दीड-दोन हात रुंद पट्टा पेरायचा. कोथिंबीर, शेपू, बडीशेप. ती तोडायची नाही, फुलावर येऊ द्यायची, आणि सगळी एकदम पेरायची नाही, पंधरा पंधरा दिवसांनी, म्हणजे एक ओसरली की दुसरी फुलेल. बारीक, उघडी फुलं. कारण ज्या चिमुकल्या माश्या माव्यामध्ये अंडी घालतात त्यांचं तोंड आखूड, खोल फुलातला मध त्यांना पोचत नाही. मधूनमधून चवळी. बांधावर गवताचे झुबके राखायचे, त्यांच्या बुडाशी कोळी आणि जमिनीवरचे काळे भुंगे लपतात. मात्र गाजरगवत उपटून काढायचं, पिकाचा रस शोषणारा पिठ्या ढेकूण त्यावर पोसतो.

"मोहरी टाकू का? पिवळी फुलं छान दिसतात," बायकोने विचारलं.

"नको. मोहरी म्हणजे कोबीची चुलत बहीण. कोबीचा मावा तिच्यावरही चढतो. पाहुण्यांसाठी मांडव घालायचा आणि त्यात चोरालाच बसवायचं, असं होईल."

पंपदादाने सगळं ऐकून घेतलं आणि एकच प्रश्न विचारला. "आणि ते आले नाहीत तर?"

मॅडम म्हणाल्या, "पहिल्या वर्षी कमी येतात. उशिरा येतात. खोटं सांगत नाही."

दुसरा कुणी हे उत्तर विसरून गेला असता. पंपदादाच्या डोक्यात तेच राहिलं.

पट्टा पेरला. कोबी लागला. कोथिंबिरीला पांढरी फुलं धरू लागली, आणि त्याच सुमाराला एका सकाळी पंपदादाला चवळीचे शेंडे काळे दिसले. जवळ जाऊन पाहिलं तर शेंड्यावर, देठावर, कोवळ्या शेंगेवर मावाच मावा, काजळ थापल्यासारखा. त्याच्या तोंडाला कोरड पडली. तो शेतातून थेट घरी आला आणि बायकोला म्हणाला, "आपण मावा पेरलाय."

बायकोने मॅडमना फोन लावला. पलीकडून मॅडम शांतपणे म्हणाल्या, "तो काळा मावा चवळीचा. कोबीवर तो जगत नाही. कोबीचा वेगळा, राखाडी, पीठ लावल्यासारखा. काळा आला ते बरंच झालं, मावा खाणाऱ्या ढालकिड्यांची खानावळ उघडली. हात लावू नका."

हात न लावणं हेच त्याला सगळ्यात अवघड होतं. त्यात शेजारच्या अण्णांनी ते पाहिलं.

अण्णांचं शेत याच बांधाच्या पलीकडे. साठी ओलांडलेले, सरळ मनाचे, शब्दाला जपणारे. पंपदादाला पहिलं काम त्यांनीच दिलं होतं. दवाखान्यात रोज डबा त्यांच्या घरून जायचा. त्यांचा फ्लॉवर पंपदादाच्या कोबीच्या मागे वीस दिवस होता, नुकता जोम धरू लागला होता. अण्णा बांधावर उभे राहिले, वाकून चवळीचा शेंडा चिमटीत धरला आणि बोटं काळी झालेली पाहून म्हणाले, "अरे पंपदादा, हे काय? तू मावा पाळतोयस?"

"हा कोबीवर येत नाही अण्णा. फ्लॉवरवरही नाही."

"कोण म्हणतं?"

"मॅडम म्हणतात."

"मॅडमचं शेत कुठे आहे?" अण्णांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता, म्हणून तो जास्त लागला. "बावीस वर्षं तूच मला सांगितलंस, बांध स्वच्छ तर शेत स्वच्छ. तेव्हा खोटं बोलत होतास की आता बोलतोयस?"

खरं तर हा प्रश्न पंपदादा स्वतःलाच रोज विचारत होता.

मग कोबीवर मावा आला. राखाडी, पिठाळ, आतल्या कोवळ्या पानांच्या बेचक्यात. पहिल्या दिवशी दहा रोपांत तीन रोपांवर. मॅडमनी मोजायची पद्धत लिहून दिली होती: शेतात नागमोडी चालायचं, दहा ठिकाणी थांबायचं, मावा किती, खाणारे किती, आणि फुगून तपकिरी झालेला मावा किती, ते लिहायचं. फुगलेला मावा म्हणजे ज्याच्या पोटात चिमुकल्या माशीचं पिलू वाढतंय तो. बाहेरून तो वाळल्या तिळासारखा दिसतो.

चौथ्या दिवशी दहातल्या सहा रोपांवर मावा. खाणारे: दोन ढालकिडे. तिळासारखे: शून्य.

त्या संध्याकाळी तो जेवला नाही. अडगळीच्या खोलीत जाऊन उभा राहिला. तिथे खुंटीला त्याचा पंप होता, गोणपाटाखाली. हात लावला नाही, नुसता उभा राहिला. बायको दारात आली.

"अहो, काय बघताय?"

"एका फवाऱ्यात संपेल सगळं."

"मावा की तुम्ही?"

तो खोलीबाहेर आला. बायकोने खोलीचं दार ओढून घेतलं, कडीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. पुढचे कितीतरी दिवस ती किल्ली तशीच तिथे होती.

सातव्या दिवशी दहाही रोपांवर मावा. काही पानं कडेने वळून वाटीसारखी झाली होती, आणि वाटीत राखाडी थर. चिकट पाण्याने खालची पानं चकाकत होती. तिळासारखे: चार. अख्ख्या दहा रोपांत फक्त चार. पंपदादाने ते आकडे वहीत लिहिले तेव्हा पेन्सिलचं टोक मोडलं.

त्याच दिवशी अण्णा आले. यावेळी बांध ओलांडून आत आले नाहीत.

"हे बघ," ते म्हणाले, "तुझ्या शेतात तू काय करशील ते कर. पण बांध दोघांचा आहे. माझ्या अर्ध्यावर मी रविवारी औषध मारून घेणार. गवतावर आणि त्या तुझ्या फुलांच्या बाजूने फ्लॉवरच्या पहिल्या चार ओळींवर. माझं पीक कोवळं आहे रे. मला भीती वाटते."

"मलाही वाटते अण्णा," पंपदादा म्हणाला.

रविवारला तीन दिवस होते. वारा त्या आठवड्यात अण्णांकडून पंपदादाकडे वाहत होता. अर्ध्या बांधावर मारलेलं औषध अर्ध्यावर थांबत नाही, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पट्ट्यावरच्या फुलांत बसलेलं जे काही असेल ते एका सकाळी संपलं असतं. मावा मात्र पानांच्या वाट्यांत सुरक्षित राहिला असता. शिवाय तो वास. वासाच्या नुसत्या कल्पनेने त्याला घाम फुटायचा आणि घाम फुटला की वाटायचं, हे तेच, पुन्हा सुरू झालं. मग तो आरशासमोर जाऊन डोळ्यांतल्या काळ्या टिकल्या तपासायचा.

रविवारी उजाडताच तो बांधावर जाऊन बसला. बायको मागोमाग आली. थोड्या वेळाने अण्णा आले, आणि त्यांच्याबरोबर पाठीला पंप लावून धाकला पंप.

धाकला पंप म्हणजे पंपदादाचा चेला. तिशीचा, दोन मुलींचा बाप. पंपदादा आजारी पडल्यावर त्याची सगळी कामं यानेच उचलली होती. पंप कसा धरायचा, औषध कसं कालवायचं, कोणत्या पिकाला किती चालीने चालायचं, सगळं पंपदादाने शिकवलेलं. तोंडाला फडकं नव्हतं, हातांत मोजे नव्हते. तेही पंपदादानेच शिकवलेलं होतं.

"दादा, रागावू नका," तो ओशाळून म्हणाला. "अण्णांनी सांगितलं म्हणून आलो."

पंपदादा उठून उभा राहिला. वारा तोंडावर येत होता. धाकल्या पंपाने दांडा दोनदा मारला, नोझलमधून नुसतं फुसफुस झालं. त्याने फवाऱ्याची दांडी जवळ ओढली, नोझल पिळून काढलं आणि ओठांकडे नेलं.

पंपदादा कसा धावला ते त्याला कळलं नाही. बायको म्हणते, दवाखान्यातून आल्यापासून त्याला तिने धावताना पाहिलंच नव्हतं. त्याने धाकल्या पंपाच्या हातावर फटका मारला. नोझल गवतात पडलं.

"तोंडाला नाही! तोंडाला नाही लावायचं!" तो ओरडत होता, आणि ओरडता ओरडता त्याला रडू फुटलं. "मी शिकवलं ते चुकीचं होतं. ऐक. सगळं चुकीचं होतं."

धाकला पंप घाबरून पंपाचे पट्टे सोडवू लागला. पंप जमिनीवर टेकला तसा पंपदादा चार पावलं मागे सरकला, श्वास रोखून. बायकोने त्याच्या दंडाला धरलं आणि अण्णांकडे वळून म्हणाली, "अण्णा, पाच मिनिटं द्या. एकदा तुम्ही स्वतः बघा. नंतर मारायचं तर मारा, आम्ही घरात जाऊन दारं लावून बसतो."

मॅडमनी एक भिंग ठेवून दिलं होतं. बायकोने ते अण्णांच्या हातात दिलं आणि पट्ट्याजवळचं पहिलं रोप दाखवलं. अण्णा गुडघ्यावर हात ठेवून वाकले. एकेक पान उलटून बघू लागले.

"इथे एक अळी आहे," शेवटी म्हणाले. "हिरवट. पाय नाहीत."

"तीच," पंपदादा मागून म्हणाला. "फुलांवर हवेत एका जागी थांबते ना, मधमाशीसारखी दिसणारी माशी, तिचं पिलू."

"तिने मावा उचलला," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज लहान मुलासारखा झाला. "उचलून धरलाय. अरे, शोषून घेतेय त्याला. टाकलं साल. दुसरा धरला."

पंपदादा आता वाकला. गेल्या तीन दिवसांत भीतीपोटी तो मोजायलाच आला नव्हता. पानाच्या वाटीत तपकिरी तीळ दिसत होते. चार नव्हे. एका पानावर सतरा. काहींना पाठीवर गोल भोक होतं. आतली माशी बाहेर पडून गेली होती. पुढच्या रोपावर नऊ. तिसऱ्यावर बावीस. तो आकडे सांगत गेला आणि बायकोने ते वहीत लिहिले.

"हे तुझ्याकडे," अण्णा सरळ होत म्हणाले. "माझ्या फ्लॉवरचं काय?"

चौघं बांध ओलांडून गेले. अण्णांच्या पहिल्या ओळीत मावा होता, थोडा. फुलांमुळे आला की आपणहून, कोण सांगणार? पंपदादाने पान उलटलं. भिंग लावलं. राखाडी माव्यांच्या मधे तीन फुगलेले, तपकिरी. दुसऱ्या ओळीत एक. तिसऱ्या ओळीत काही नाही.

"बांध ओलांडून आलेत," बायको म्हणाली.

अण्णांनी बोटाने ते तीन तीळ पुन्हा मोजले. मग धाकल्या पंपाला म्हणाले, "पंप घेऊन जा. गुरुवारी सांगतो." आणि पंपदादाला, "चार दिवस. मी माझ्या जिवाला समजावतो, तू तुझ्या जिवाला समजाव."

लोकांना वाटतं इथे भीती संपली असेल. ते चार दिवस सगळ्यात वाईट गेले, असं पंपदादा स्वतः सांगतो. आधी फक्त आपलं पीक जाणार होतं. आता अण्णांचं गेलं असतं तर तेही त्याच्या डोक्यावर. तो पहाटे उठून जायचा, दोन्ही शेतांत मोजायचा, दुपारी परत मोजायचा. वाऱ्याने पान हललं तरी दचकायचा. सोमवारी आकडे जैसे थे. मंगळवारी मावा उलट थोडा वाढला. बायकोने त्या दिवशी मुद्दाम त्याला सोबत घेऊन जास्त बिघडलेली रोपं उपटायला लावली, पोत्यात भरून शेताबाहेर नेली, म्हणजे त्याच्या हातांना काही काम तरी मिळेल. एकेचाळीस रोपं निघाली.

बुधवारी पट्ट्यालगतच्या दहा-बारा ओळींत मावा विरळ दिसू लागला. गुरुवारी तिथे जिवंत मावा शोधावा लागत होता. पानांवर रिकामी सालं आणि भोकं पडलेले तीळ. अण्णांच्या पहिल्या चार ओळी ठीक होत्या. त्यांनी औषध मारलं नाही. जाताना पंपदादाच्या पाठीवर हात ठेवला, जिथे पूर्वी पंप असायचा तिथे.

पण मॅडम खोटं बोलल्या नव्हत्या. शेताच्या मधोमध, दोन्ही पट्ट्यांपासून लांब, मदत उशिरा पोचली. तिथल्या कोबीचे गड्डे धरलेच नाहीत, किंवा धरले ते पानांत मावा घेऊन. बाजारात ते कुणी हातात घेतले नसते. जवळजवळ पाव शेत गेलं. त्या ओळी उपटताना पंपदादा एका सरीवर बसून राहिला. बायकोला वाटलं आता हा सगळं सोडणार.

तो म्हणाला, "पट्टा मधून पण हवा होता."

मॅडम आल्या, त्यांनी पावलं टाकून अंतर मोजलं आणि मान हलवली. "हो. एवढे चिमुकले जीव, किती लांब जातील? पुढच्या वेळी मधे एक पट्टा. आणि त्यातच गवताचा उंचवटा, नांगर न लावलेला. काळे भुंगे तिथे मुक्काम करतील."

पुढच्या वर्षी शेताच्या मधोमध पट्टा आला. जमीन कमी झाली म्हणून मेहुण्याने टोमणा मारला, "शेती करता की बाग?" बायकोने सांगितलं, "बाग असती तर तुम्हाला तिकीट लावलं असतं." मावा त्याही वर्षी आला, पण मधल्या ओळी वाचल्या. तिसऱ्या वर्षी मॅडमनी कृषी महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांना घेऊन जाळ्या फिरवून किड्यांच्या जाती मोजल्या. पहिल्या वर्षी पेरणीआधी मोजल्या होत्या अकरा. आता त्रेसष्ट. कोळ्यांच्याच चौदा. गवताच्या झुबक्यात एका पक्ष्याने घरटं केलं होतं. मॅडमनी तिथे काठी रोवून ठेवली, पाय पडू नये म्हणून. पंपदादाला त्रेसष्ट हा आकडा ऐकून आनंद झाला असेल असं सगळ्यांना वाटलं. त्याने विचारलं, "यातले पीक खाणारे किती?"

"बारा," मॅडम म्हणाल्या.

तो रात्रभर त्या बारांचाच विचार करत होता, असं बायको सांगते.

आज तो आसपासच्या सात शेतांत मोजणी करतो. लोक बोलावतात, वही, पेन्सिल, गळ्यात भिंग. घाबरट माणूसच मोजणीला बरा, असं अण्णा म्हणतात, कारण तो एकही पान सोडत नाही. कुठे औषध मारावंच लागेल असं त्याला वाटलं तर तेही सांगतो, त्याबाबत हट्ट नाही. फक्त मग तो स्वतः तिथे थांबत नाही. आधी वारा बघतो आणि वाऱ्याच्या उलट्या बाजूने लांब निघून जातो. जाण्याआधी धाकल्या पंपाला समोर उभं करून मोजे, चष्मा, तोंडावरचं फडकं एकेक तपासतो. नोझल साफ करायला त्याने त्याला जुना दात घासायचा ब्रश दिलाय. धाकला पंप कुरकुरतो, "दादा, मी काय शाळेत आहे का?" पंपदादा त्याचे पट्टे घट्ट करतो आणि म्हणतो, "डोळे दाखव." मग तो त्याच्या डोळ्यांतल्या काळ्या टिकल्या बघतो, दोन्ही, नीट, आणि समाधान झालं की निघून जातो.

या हंगामात कोबीवर मावा पुन्हा दिसला, त्याचा चौथा दिवस होता आणि तिळासारखे शून्य होते. मी त्याला बांधावर उकिडवं बसलेलं पाहिलं. मी विचारलं, "काय पंपदादा, येतील ना?"

"दरवर्षी आलेत," तो म्हणाला. तोंडाला कोरड पडली होती, हे आवाजावरूनच कळत होतं. मग त्याने पान उलटून पुन्हा पहिल्यापासून मोजायला सुरुवात केली.